एक औषध दिवसातून एकदा आणि दुसरं तीनदा, असं का?

अवकाळी

वडिलांना लघवीच्या संसर्गाने ताप चढला, म्हणून पाच दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथे दोन इंजेक्शनं चालू होती, सेफ्ट्रियाक्सोन आणि जेंटामायसिन, आणि दोन्ही चोवीस तासांत एकदाच. ताप उतरला, कल्चरचा रिपोर्ट आला आणि घरी सोडताना अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, असं लिहून दिलं. मी सहा, दोन आणि दहाचे गजर लावले. तिसऱ्या दिवशी बाबा वैतागले. "तिकडे आजार जोरात होता तेव्हा एकदा टोचून भागत होतं, आता बरा झालोय तर तीनदा? तिन्ही गोळ्या सकाळी एकदम घेतो, कटकट मिटली."

मी त्यांना नाही म्हटलं खरं, पण का नाही ते मला सांगता आलं नाही. दिवसभरात पोटात जाणारं औषध १५०० मिलिग्रॅमच राहणार ना? मग फरक कुठे पडतो? कोणी नीट समजावून सांगेल का?

(औषध बदलायचं असेल तर डॉक्टरांनाच विचारणार आहे, तो सल्ला नको. मला फक्त कारण हवंय.)

ठोकताळा

सोपं आहे. काही अँटिबायोटिक जंतू मारतात, काही नुसती वाढ थांबवतात. मारणाऱ्याला एकच दणका पुरतो, म्हणून एकदा. थांबवणाऱ्याला सतत पहारा द्यावा लागतो, म्हणून तीनदा. औषध विक्रीच्या क्षेत्रात बारा वर्षं काढली आहेत, तिथे हेच शिकवायचे.

निळी_शाई

ठोकताळा, पहाऱ्याची उपमा चांगली आहे, पण ती चुकीच्या दारावर उभी केलीत. अमॉक्सिसिलिन जंतू मारणारंच औषध आहे. सेफ्ट्रियाक्सोनही मारणारं, जेंटामायसिनही मारणारं. तिन्ही मारतात, तरी त्यांची वेळापत्रकं वेगळी आहेत. तेव्हा मारणं आणि थांबवणं या भेदाने हे कोडं सुटत नाही.

अवकाळी, तुमच्या प्रश्नात एक गंमत आहे जी तुमच्याही लक्षात आली नसेल. रुग्णालयातली दोन्ही इंजेक्शनं दिवसातून एकदा होती, पण दोघांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. सेफ्ट्रियाक्सोन एकदा देतात कारण ते रक्तात दिवसभर टिकतं. जेंटामायसिन एकदा देतात कारण ते दिवसभर टिकू नये म्हणून. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आज रात्री सवडीने लिहिते, आधी गोळ्यांचा हिशेब, मग इंजेक्शनांचा.

गणोबा

हे रोचक वळण आहे. खुर्ची ओढून बसलोय.

निळी_शाई

आधी अमॉक्सिसिलिन.

प्रयोगशाळेत आम्ही जंतूला औषधाच्या चढत्या पातळ्यांत वाढवून बघतो: ०.२५, ०.५, १, २, ४ मिलिग्रॅम प्रति लिटर अशा दुपटीच्या पायऱ्या. ज्या सर्वांत खालच्या पायरीवर जंतूची वाढ दिसत नाही तो आकडा म्हणजे त्या जंतूची एमआयसी. समजा एका जंतूची एमआयसी १ आहे.

५०० ची एक गोळी घेतली की तास-दीड तासात रक्तातली पातळी शिखरावर जाते. हिशेब सोपा व्हावा म्हणून शिखर ८ धरू, प्रत्यक्षात ते थोडं कमीच असतं. किडनी नीट असेल तर अमॉक्सिसिलिनचं अर्धायुष्य साधारण एक तास. म्हणजे दर तासाला पातळी निम्मी: ८ ची ४, ४ ची २, २ ची १. तीन तासांत ती एमआयसीवर येऊन टेकली. चढतानाचा एखादा तास त्यात मिळवा, तर एका गोळीने जंतूला साधारण चार तास धाकात ठेवलं. तीन गोळ्या वेगवेगळ्या घेतल्या तर बारा तास, म्हणजे अर्धा दिवस.

आता बाबांची युक्ती. तिन्ही गोळ्या एकदम. शिखर तिप्पट, २४. तिथून निम्मं निम्मं करत या: १२, ६, ३, दीड, पाऊण. साडेचार तासांच्या आसपास १ च्या खाली. चढतानाचा तास धरून साडेपाच तास. औषध तेवढंच, पण धाक बारा तासांवरून साडेपाचवर आला. बाकीचे साडेअठरा तास जंतूंना मोकळं रान. शिवाय अमॉक्सिसिलिन आतड्यातून शोषलं जाण्याला मर्यादा आहे, एका वेळी जास्त घेतलं की त्या प्रमाणात ते रक्तात उतरत नाही. म्हणजे २४ सुद्धा मी उदार होऊन धरलेत.

यातला मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे: डोस दुप्पट केला की एमआयसीवरचा वेळ दुप्पट होत नाही, फक्त एका अर्धायुष्याने वाढतो. अमॉक्सिसिलिनच्या बाबतीत दुप्पट औषधाचं बक्षीस एक तास. तीच जादा गोळी वेगळ्या वेळी घेतली तर बक्षीस चार तास.

अवकाळी

हे बाबांना कागदावर ८-४-२-१ लिहून दाखवलं. "हं" म्हणाले. आमच्याकडे "हं" म्हणजे हार पत्करली.

पण एक प्रश्न उरतो. शिखर २४ असेल तर त्या वेळात जंतू जास्त जोमाने मरणार नाहीत का? वेळ कमी पण मार जबर?

निळी_शाई

नेमका प्रश्न. इथेच औषधांचे दोन वर्ग वेगळे होतात.

पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जंतूच्या पेशीभित्तिकेचे धागे जोडणाऱ्या विकरांना जाऊन चिकटतात. जंतू वाढत असतो, भिंत बांधत असतो, आणि गवंडी मात्र हात बांधलेले, म्हणून तो फुटतो. आता गवंडी मोजकेच असतात. एमआयसीच्या साधारण चौपट पातळीला जवळपास सगळ्यांचे हात बांधून होतात. त्यावर आठपट करा, वीसपट करा, बांधायला हातच शिल्लक नाहीत. जंतू मरण्याचा वेग तिथे सपाट होतो. आणि तो मरतो त्याच्या स्वतःच्या वाढीच्या गतीने, औषधाच्या घाईने नव्हे.

हॅरी ईगल नावाच्या शास्त्रज्ञाने १९४८ साली याहून विचित्र गोष्ट नोंदवली. काही जंतूंच्या बाबतीत पेनिसिलिन एका मर्यादेपलीकडे वाढवलं तर ते चक्क हळू मरतात. पुढे त्याने प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की पेनिसिलिनचा गुण ठरतो तो ते परिणामकारक पातळीवर किती वेळ राहिलं यावर.

दुसरी बाजू अशी की पातळी एमआयसीखाली गेल्यावर पेनिसिलिनचा धाक ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे लघवीच्या संसर्गात सहसा सापडणाऱ्या ई. कोलायसारख्या, जंतूंवर मुळीच रेंगाळत नाही. औषध गेलं की ते लगेच पुन्हा कामाला लागतात. म्हणून इथे सगळी मदार वेळेवर.

पूर्ण चोवीस तास मात्र लागत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांतून, विशेषतः विल्यम क्रेग यांच्या कामातून, ढोबळ आकडे हाती आले: पेनिसिलिन गटाला दिवसाचा साधारण ५० टक्के वेळ एमआयसीच्या वर, सेफॅलोस्पोरिनना ६० ते ७०, कार्बापेनेमना ४० टक्के पुरतो. बाबांच्या तीन गोळ्यांचे बारा तास आठवा, नेमके ५० टक्के. मी उदाहरण तसं बेतलं होतं हे कबूल.

मोरपीस

माझा अनुभव सांगते, विषयाला धरून आहे का माहीत नाही. माझ्या भावाला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप खराब झाली. तेव्हापासून त्याला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं. आम्ही घरात त्याला "हेवी डोस" म्हणतो, कारण एक सुई तीन आठवडे पुरते म्हणजे ती किती जबरदस्त असेल. इथे तुम्ही म्हणताय पेनिसिलिन तासाभरात निम्मं होतं. मग त्याला इतकी वर्षं चुकीचं देतायत का? वाचून धस्स झालं.

निळी_शाई

मोरपीस, आधी धस्स झालेलं खाली ठेवा. अजिबात चुकीचं देत नाहीयेत. उलट तुमच्या भावाचं इंजेक्शन या धाग्यातलं सर्वांत सुंदर उदाहरण आहे.

ते बेंझाथीन पेनिसिलिन. ते पाण्यात जेमतेम विरघळतं. स्नायूत टोचलं की तिथे साठा होऊन बसतं आणि झिरपत राहतं. रक्तात गेलेलं पेनिसिलिन किडनी तितक्याच घाईने बाहेर काढते, पण मागून थेंब थेंब येतच असतं. पातळी कायम अगदी खाली राहते, कुठल्याही क्षणी बघितलं तर तुमच्या भावाच्या रक्तात एका साध्या गोळीच्या शिखरापेक्षा कितीतरी कमी पेनिसिलिन असेल. म्हणजे "हेवी" नव्हे, अगदी हलकं. पण ज्या स्ट्रेप्टोकॉकसला अडवायचं आहे त्याची एमआयसी मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास आहे. तिच्या थोडंसं वर, पण आठवडेच्या आठवडे. शिखराला काडीचं महत्त्व नसेल तर औषध कसं द्यावं, त्याचा हा नमुना. शेवटच्या दिवसांत पातळी उतरत जाते, म्हणून तारीख पुढे ढकलायची नसते.

मोरपीस

दोनदा वाचलं. तारीख ढकलण्याचा प्रकार आमच्याकडे प्रवासाच्या वेळी झालेला आहे. आता नाही होणार. धन्यवाद हो.

ठोकताळा

मान्य, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. पण मग नियम असा करू या: पेनिसिलिन आणि त्याची भावंडं वेळेवर अवलंबून, म्हणजे दिवसातून अनेकदा. बाकीची शिखरावर अवलंबून, म्हणजे एकदा. बरोबर?

निळी_शाई

अर्धं बरोबर. सेफ्ट्रियाक्सोन हे सेफॅलोस्पोरिन गटातलं औषधही पेनिसिलिनचंच भावंड, भिंतीच्या गवंड्यांचे हात बांधणारं, पूर्णपणे वेळेवर अवलंबून. तरीही दिवसातून एकदा. तुमच्या नियमाला ते एकटं पुरून उरतं.

कारण त्याचं अर्धायुष्य आठ तासांच्या आसपास आहे. एक ग्रॅम शिरेतून दिलं की सुरुवातीला पातळी १५० च्या घरात जाते, बारा तासांनी २८ च्या आसपास आणि चोवीस तासांनीही साधारण ९ उरते. पण थांबा, या आकड्यांवर भाळू नका. सेफ्ट्रियाक्सोनचा ८५ ते ९५ टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो आणि चिकटलेलं औषध जंतूला हात लावत नाही. कमी पातळीला तर ९५ टक्केच धरायचे. म्हणजे चोवीस तासांनी कामाचं, मोकळं औषध ०.४५ च्या आसपास. साध्या, प्रतिकारशक्ती न कमावलेल्या ई. कोलायची एमआयसी ०.०६ ते ०.१२ असते. तेव्हा पूर्ण दिवस धाक शाबूत.

आता एमआयसी १ असलेला जंतू घ्या. मोकळं औषध १ हवं तर एकूण २० हवं. एक ग्रॅमच्या डोसनंतर एकूण पातळी २० वर येते साधारण पंधराव्या तासाला. पंधरा भागिले चोवीस, साठ टक्क्यांच्या थोडं वर. सेफॅलोस्पोरिनला हवे होते ६० ते ७०. युरोपीय समिती युकास्टच्या तक्त्यात ई. कोलाय आणि त्याच्या नातलगांसाठी सेफ्ट्रियाक्सोनची "संवेदनशील" ही मर्यादा १ लाच संपते. तक्ते बनवताना इतरही गोष्टी बघतात, पण आकडा कुठून येतो याचा अंदाज तुम्हाला आला असेल.

गणोबा

वाचनखूण साठवली. आजवर मी समजत होतो की गोळीच्या पाकिटावरचं "दिवसातून इतक्यांदा" हे लोकांच्या सोयीने ठरवतात.

सुलभा_क

माझ्या आईच्या कल्चर रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे एमआयसी लिहिली होती. एका औषधापुढे ०.२५ आणि दुसऱ्यापुढे ४, दोन्हींपुढे "एस", म्हणजे जंतू संवेदनशील. डॉक्टरांनी ४ वालं दिलं. मी तेव्हा भांडले होते की कमी आकड्याचं औषध जास्त ताकदीचं असताना हे का? इथलं वाचून तर खात्रीच पटली की मी बरोबर होते. ०.२५ वर जास्त वेळ राहता येईल ना!

निळी_शाई

सुलभाताई, हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की काही प्रयोगशाळा आकडा छापायचंच टाळतात. दोन वेगवेगळ्या औषधांच्या एमआयसी एकमेकींशी ताडता येत नाहीत. एका औषधाची पातळी रक्तात २ च्या वर कधी जातच नसेल आणि दुसऱ्याची १५० पर्यंत जात असेल, तर पहिल्याची ०.२५ ही काठावरची असू शकते आणि दुसऱ्याची ४ ही निर्धास्त. आकडा ताडायचा तो त्याच औषधाच्या मर्यादेशी. ते काम प्रयोगशाळेने करून "एस" लिहिलेलं असतं. त्यापुढे निवड होते ती औषध संसर्गाच्या जागी पोहोचतं का, किडनीला झेपतं का, यावर. आईला दिलेलं औषध कोणतं हे मला माहीत नाही, पण केवळ ४ या आकड्यावरून डॉक्टर चुकले असं म्हणता येणार नाही.

आणि दुपटीच्या पायऱ्यांमुळे आकडा मुळातच ढोबळ असतो. तोच जंतू उद्या पुन्हा तपासला तर २ ऐवजी ४ किंवा १ येऊ शकतो, आणि आम्ही ती चूक मानत नाही.

सुलभा_क

म्हणजे मी उगाच भांडले. डॉक्टर हा धागा वाचत नसतील अशी आशा.

अवकाळी

जेंटामायसिन राहिलं की.

निळी_शाई

राहिलं नाही, चांगलं म्हणून शेवटी ठेवलं.

जेंटामायसिन भिंतीच्या वाटेला जात नाही. ते आधी जंतूच्या बाहेरच्या आवरणाला चिकटून त्याला खिळखिळं करतं, मग आत शिरून रायबोसोमवर बसतं. रायबोसोम म्हणजे जंतूचा प्रथिनं बनवणारा कारखाना, तो संदेश चुकीचा वाचून वेडीवाकडी प्रथिनं बनवायला लागतो. ती वेडीवाकडी प्रथिनं आवरणात जाऊन बसतात आणि आवरणाला आणखी भोकं पडतात. त्या भोकांतून आणखी जेंटामायसिन आत. असा हा घसरत जाणारा मामला आहे, त्यामुळे सुरुवातीचा धक्का जितका मोठा तितका जंतू वेगाने मरतो. पेनिसिलिनसारखं इथे चौपटीला सपाट होत नाही. शिखर एमआयसीच्या आठ ते दहा पट असावं, असं माणसांवरच्या अभ्यासांतून पुढे आलं.

साठ किलोच्या माणसाचा हिशेब करू. दिवसाचा डोस ४२० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ७. जंतूची एमआयसी २. जुन्या पद्धतीने १४० चे तीन डोस दिले तर शिखर ७ च्या आसपास, एमआयसीच्या साडेतीनपट. तेच ४२० एकदम दिलं तर शिखर २१, साडेदहापट. औषध तेवढंच, पण एका बाजूला चिमटे आणि दुसऱ्या बाजूला घाव.

आता घड्याळ लावा. अर्धायुष्य अडीच तास धरलं तर २१ वरून २ वर यायला साधारण साडेआठ तास लागतात. उरलेले पंधरा तास पातळी एमआयसीच्या खाली! अमॉक्सिसिलिनसाठी ज्याला आपण मोकळं रान म्हटलं, तेच इथे चालून जातं, कारण जेंटामायसिनचा मार रेंगाळतो. जखमी झालेले जंतू औषध गेल्यावरही काही तास डोकं वर काढत नाहीत. शिवाय पहिल्या घावातून वाचलेले जंतू काही काळ जेंटामायसिन आत घ्यायचंच कमी करतात. त्या काळात पुन्हा पुन्हा टोचणं जवळपास वाया जातं. औषधाविना मधला वेळ गेला की ही सावधगिरी ओसरते आणि दुसऱ्या दिवशीचा घाव पुन्हा बसतो.

गणोबा

आणि किडनी? जेंटामायसिन किडनीला वाईट म्हणतात, मग इतकं उंच शिखर किडनीला जास्त घातक नाही का? माझ्या अभियांत्रिकी डोक्याला तरी शिखर म्हणजेच नुकसान वाटतं.

निळी_शाई

सगळ्यांना तसंच वाटायचं, म्हणून तर कितीतरी वर्षं ते तीनदा देत होते. किडनीच्या नलिकांतल्या पेशी जेंटामायसिन आत ओढून घेतात, पण ओढणारी दारं मोजकी असतात. दारं भरली की पातळी ७ असो की २१, आत जाणारं औषध फारसं वाढत नाही, जादा औषध लघवीवाटे वाहून जातं. याउलट पातळी दिवसभर मध्यम राहिली तर दारं चोवीस तास आत भरत राहतात. किडनी काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांना आदल्या दिवशी औषध देऊन मग त्या काढलेल्या किडनीतच ते मोजण्याचा अभ्यास झाला आहे. एकदम दिलेल्यांच्या किडनीत जेंटामायसिन कमी साठलं होतं आणि तेच दिवसभर सलाइनमधून थेंबथेंब दिलेल्यांच्या किडनीत जास्त.

म्हणजे एकाच वेळापत्रकाने जंतूला जास्त मार आणि किडनीला कमी त्रास. वैद्यकात असं फुकट क्वचित मिळतं. अमेरिकेतल्या हार्टफर्ड रुग्णालयातल्या गटाने १९९५ मध्ये २,१८४ रुग्णांचा असा अनुभव छापला, किलोमागे ७ हा डोस त्यांचाच. तिथे डोसानंतर सहा ते चौदा तासांच्या मधे एकदा पातळी मोजायची आणि ती अपेक्षेपेक्षा जास्त आढळली तर डोस कमी करायचा नाही, अंतर वाढवायचं: २४ चे ३६ तास किंवा ४८ तास. बारकावा बघा. किडनी मंद असली तरी शिखर तेवढंच हवं, फक्त औषध उतरायला जास्त वेळ द्यायचा.

अवकाळी

बाबांना तिसऱ्या दिवशीचं जेंटामायसिन दिलं नव्हतं, "उद्या देऊ" म्हणाले होते. मला वाटलं विसरले असतील आणि आता सारवासारव चाललीय. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन थोडं वाढलं होतं त्यांचं.

निळी_शाई

बहुधा हेच असणार. वय वाढलं की किडनीचा वेग घटतोच. गमतीची बाब म्हणजे त्याच मंद किडनीमुळे अमॉक्सिसिलिनचं अर्धायुष्यही लांबतं, म्हणजे बाबांच्या रक्तात ती गोळी मी धरलेल्या चार तासांपेक्षा जास्त टिकत असेल.

डॉ_अनामिक

प्रयोगशाळेच्या ताईंशी बव्हंशी सहमत, दोन ठिकाणी टोचतो.

एक, लघवीच्या संसर्गाचं उदाहरण घेऊन रक्ताचा हिशेब केलात. अमॉक्सिसिलिन बहुतांश लघवीतूनच बाहेर पडतं आणि तिथे ते रक्ताच्या कितीतरी पट साठतं. मूत्राशयापुरता संसर्ग असेल तर तुमचा ८-४-२-१ फार कडक आहे. ताप होता म्हणजे किडनीच्या ऊतीपर्यंत गेला असणार, तिथे रक्ताचा हिशेब लागू. पण हे सांगायला हवं होतं.

दोन, जेंटामायसिन "शिखरावर अवलंबून" हे इतकं पक्कं राहिलेलं नाही. दिवसभराचं एकूण औषध, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, यावर परिणाम जास्त नीट जुळतो असं मानणारे आज बरेच आहेत. एकदा द्यायच्या पद्धतीत शिखर आणि क्षेत्रफळ एकत्रच वाढतात, त्यामुळे दोघांना वेगळं काढणं अवघड. आणि हृदयाच्या झडपेवरच्या एंटेरोकॉकसच्या संसर्गात पेनिसिलिनच्या जोडीला जेंटामायसिन देतात तेव्हा ते कमी डोसात आणि विभागूनच देण्याची शिफारस बरीच वर्षं चालत आली आहे. तिथे तुमचा घाव चालत नाही, कारण तिथे जेंटामायसिन एकट्याने मारत नसतं.

निळी_शाई

पहिला मुद्दा निमूट मान्य. दुसऱ्यात क्षेत्रफळाचा पक्ष मलाही पटतो, पण एका धाग्यात बाबांच्या गोळीपासून तिथवर जायचं धाडस झालं नाही.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. तुमचं वाचून एक कोडं सुटलं आणि एक तक्रार आठवली.

कोडं असं की आमच्याकडे पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम ही पेनिसिलिनच्या कुळातली औषधं पूर्वी अर्ध्या तासात द्यायचो, आता पंपावर तीन ते चार तास चालवतो. आधी एक पूर्ण डोस झटकन द्यायचा, मग हे संथ. नातेवाईक काचेतून बघून म्हणतात, "एवढासा थेंब? रुग्ण इतका अत्यवस्थ आणि तुम्ही औषध काटकसरीने देताय." त्यांना सांगायला आता ८-४-२-१ मिळालं.

तक्रार अशी. शंभर मिलिलिटरच्या पिशवीत औषध घालतो आणि पिशवी रिकामी झाली की पंप वाजतो. पण नळीत पंधरा-वीस मिलिलिटर अडकलेलं असतं. अर्ध्या तासात देताना मागून सलाइन सोडून नळी धुऊन काढायचो. चार तासांच्या पद्धतीत नळी लगेच दुसऱ्या औषधाला लागते आणि ते वीस मिलिलिटर कचऱ्यात जातं. म्हणजे दर डोसाला पाचवा हिस्सा गेला. एका ठिकाणी कितीतरी महिने हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

गणोबा

अरे बापरे. म्हणजे वेळ वाढवायला गेले आणि डोसच कापला. पण मग चार तास कशाला, चोवीस तास सलग का चालवत नाहीत? वेळच हवा ना?

रात्रपाळी

पिपरासिलिन चालवतात काही ठिकाणी. मेरोपेनेम मात्र पाण्यात घातल्यावर खोलीच्या तापमानाला काही तासांतच विरघळलेल्या अवस्थेत खराब व्हायला लागतं, पिशवी दिवसभर टांगून ठेवता येत नाही. सारखी नवी पिशवी बनवत बसावं लागतं. शिवाय तेवढा वेळ एक नस अडकून पडते, आणि अत्यवस्थ रुग्णाला दहा औषधं चालू असतात.

डॉ_अनामिक

सलग देण्याचा सर्वांत मोठा पडताळा २०२४ साली आला, ब्लिंग ३ नावाचा. अतिदक्षता विभागातले सात हजारांवर रुग्ण, हीच दोन औषधं, अर्ध्यांना सलग आणि अर्ध्यांना तुकड्यांत. ९० दिवसांत मृत्यू सलगमध्ये २४.९ टक्के, तुकड्यांत २६.८. फरक सलगच्या बाजूने, पण संख्याशास्त्राच्या काट्यावर थोडक्यात अपुरा. त्याच सुमारास जुन्या-नव्या चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मात्र सलगचा फायदा दिसला. मी स्वतः फार आजारी रुग्णाला लांबवूनच देतो. माझे सहकारी म्हणतात की बहुतेक जंतूंची एमआयसी इतकी खाली असते की तुकड्यांतही वेळ पुरतोच. तेही चूक नाहीत.

ठोकताळा

मग एमआयसी खाली असेल तर बाबांचे गजरही थोडे पुढेमागे चालतील?

निळी_शाई

आता नेम बसला तुमचा. एमआयसी ०.०३ असलेला न्यूमोकॉकस घेतला तर ८ वरून तिथे यायला आठ वेळा निम्मं व्हावं लागतं, म्हणजे आठ तास. दुसरी गोळी येईपर्यंत धाक टिकतो, तास-दोन तास इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही. ई. कोलायची एमआयसी अमॉक्सिसिलिनला सहसा २ ते ८ असते. तिथे रक्तातली ऐट फार थोडा वेळ टिकते, डॉक्टरांनी म्हटलेली लघवीतली पातळीच बाजू सांभाळते. अवकाळी, रिपोर्टवर आकडा छापलाय का?

अवकाळी

रिपोर्ट काढला. अमॉक्सिसिलिन नाही, "अँपिसिलिन" लिहिलंय, त्यापुढे ४ आणि एस. हे वेगळं औषध झालं का आता?

निळी_शाई

सख्खी बहीण. तोंडी घेतल्यावर अमॉक्सिसिलिन जास्त चांगलं शोषलं जातं म्हणून गोळी त्याची देतात, तपासणी मात्र अँपिसिलिनवर करतात आणि एकीचा निकाल दुसरीला लावतात. ४ असेल तर गजर राहू द्या.

अवकाळी

दहाचा वाजला आत्ता. बाबा स्वतः उठून पाणी घ्यायला गेलेत.